आठ महिने डाउनलोडच्या भरवशावर: कुठलं घड्याळ कधी सुरू होतं

माझं काम असंय की महिन्यातले दहा-बारा दिवस नेटवर्क शून्य असतं, त्यामुळे गेले आठ महिने गाणी आणि व्हिडिओ दोन्ही मी जवळपास फक्त डाउनलोड करूनच ऐकते-बघते. दोन्ही सबस्क्रिप्शन पैसे भरून घेतलेली आहेत. आणि पहिल्या दोन महिन्यांतच कळलं की डाउनलोड या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे वेगळा आहे.

आधी फसले ती गोष्ट सांगते. निघायच्या आदल्या रात्री मी दोन पिक्चर आणि एका सिरीजचे नऊ एपिसोड उतरवून घेतले आणि फाइल नीट आहे ना बघायला दोन्ही पिक्चर पाच-पाच मिनिटं चालवून पाहिले, वाटलं शहाणपणा केला. तिसऱ्या दिवशी रात्री पिक्चर लावायला गेले तर दोन्हींवर उद्गारचिन्ह, मुदत संपली, नेट चालू करून रिन्यू करा. नेट कुठून आणू? एपिसोड मात्र शाबूत होते, ते मी उघडलेच नव्हते ना.

नंतर सेटिंग आणि हेल्प पेज धुंडाळल्यावर उलगडा झाला. व्हिडिओची फाइल फोनमध्ये असते पण ती कुलूपबंद असते, आणि सोबत एक लायसन्स येतं ज्यात दोन वेगळ्या मुदती असू शकतात. एक डाउनलोड केल्यापासून चालू होते, दुसरी पहिल्यांदा प्ले दाबल्यापासून, आणि जी आधी संपेल ती लागू. नेटफ्लिक्सवर काही टायटल डाउनलोडनंतर 7 दिवसांत संपतात तर काही प्ले केल्यापासून 48 तासांत. एकाच ॲपमध्ये सगळ्यांना एकच नियम नसतो, कारण हक्क ज्याचे त्याच्याशी झालेल्या करारावर मुदत ठरते. माझ्या पिक्चरचे 48 तास आदल्या रात्रीच्या त्या पाच मिनिटांनी सुरू झाले होते. फाइल अख्खी तिथेच होती, जागाही तेवढीच खात होती, फक्त चावी गेलेली.

म्हणजे चेक करायला प्ले दाबायचंच नाही. डाउनलोडच्या यादीत टायटलखाली किती दिवस उरले ते बघायचं. नेटफ्लिक्समध्ये हा आकडा 7 दिवसांपेक्षा कमी राहिले की दिसायला लागतो, त्यामुळे काहीच लिहिलेलं नसेल तर घाबरायचं कारण नाही. ऑटोप्लेपण बंद ठेवा. माझा एपिसोड संपताना मी डुलकी घेतली, पुढचा आपोआप सुरू झाला आणि त्याचेही तास मोजायला लागले. प्रत्येक एपिसोडचं घड्याळ स्वतंत्र असतं, म्हणून मी आता लांब मुक्कामासाठी सिरीजच नेते, एक उघडला तरी बाकीचे थांबून राहतात. आणि रिन्यू करायचं असेल तर नेटवर्क आहे तोवरच करा. काही टायटलना रिन्यू करण्याचीही मर्यादा असते, शिवाय ॲपवरून टायटलच गेलं की डाउनलोडही गेलं.

गाण्यांचं त्यामानाने सोपंय. तिथे गाण्यागणिक मुदत बघत बसावं लागत नाही, सबस्क्रिप्शन चालू आहे की नाही एवढंच ॲप मधूनमधून विचारतं. स्पॉटिफायला 30 दिवसांत एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं, एका डिव्हाइसवर 10,000 गाणी, आणि अशी 5 डिव्हाइस. फोनला नेट मिळालं म्हणजे झालं असं मात्र नाही, ॲपमधला ऑफलाइन मोड बंद करून ॲप उघडलं पाहिजे. मी परतल्या दिवशी हे आधी करते, मग बाकी.

डिव्हाइसच्या आकड्याकडे लोक लक्षच देत नाहीत. स्पॉटिफायवर सहाव्या डिव्हाइसवर डाउनलोड केलं की ज्यावर सगळ्यात जास्त दिवस काही ऐकलेलं नाही त्यावरची गाणी उडतात. म्हणजे कपाटातला टॅब, जो फक्त प्रवासातच बाहेर निघतो, तोच रिकामा व्हायची शक्यता जास्त. व्हिडिओकडे हा आकडा प्लॅनवर असतो, आणि एका वेळी किती स्क्रीनवर बघता येतं हा वेगळा प्रश्न आहे, किती डिव्हाइसवर डाउनलोड ठेवता येतात हा वेगळा, दोन्ही एकदा वाचून ठेवा. माझा जुना फोन मी विकला तेव्हा त्यावरचे डाउनलोड तसेच राहिले आणि नव्यावर घेताना मर्यादा संपली असा मेसेज आला. अकाउंटच्या पानावर जाऊन तो फोन यादीतून काढला तेव्हा कुठे जागा मोकळी झाली. हे करायलाही नेट लागतं, त्यामुळे फोन बदलला असेल तर निघायच्या सकाळी नको, दोन दिवस आधीच उरकून घ्या.