गाणं तिसाव्या सेकंदाला का थांबतं: साउंडक्लाउड आणि स्पॉटिफायच्या लिंक काही महिने वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगून टाकतो. गाणं अर्ध्या मिनिटावर तुटलं, तर लिंक पाठवणाऱ्याची चूक जवळजवळ कधीच नसते. लिंक चुकली असेल तर पान सापडतच नाही. गाणं तुमच्या देशासाठी उपलब्ध नसेल तर तसा संदेश येतो किंवा नाव करड्या रंगात दिसतं आणि काहीच वाजत नाही. नेमके तीस सेकंद वाजून थांबणं ही तिसरीच गोष्ट आहे. सेवेने तुम्हाला ओळखलं, किंवा ओळखलं नाही, आणि त्यानुसार पूर्ण फाइलऐवजी तुकड्याची फाइल दिली. नेट स्लो असल्याचा यात काही संबंध नाही. त्यामुळे पान पुन्हा पुन्हा रिफ्रेश करणं हा वेळेचा अपव्यय आहे.

साउंडक्लाउड आणि स्पॉटिफाय या दोन्हींवर तुकडा वाजतो, पण कारणं वेगळी आहेत. ती एकदा वेगळी करून घेतली की बहुतेक वेळा मिनिटभरात कारण सापडतं.

आधी साउंडक्लाउड, कारण गोंधळ तिथे जास्त होतो. बहुतेकांच्या डोक्यात साउंडक्लाउड म्हणजे ‘कुणीही चढवावं, कुणीही फुकट ऐकावं’ असं असतं, आणि बराच काळ ते खरंही होतं. २०१६ मध्ये तिथे पैसे भरून ऐकण्याची योजना आली आणि लेबलांचा मोठा साठा त्या योजनेखाली आला. तेव्हापासून शोधात दोन जातींची गाणी शेजारीशेजारी दिसतात. एक सगळ्यांसाठी पूर्ण वाजतं. दुसरं फक्त वर्गणीदारासाठी पूर्ण वाजतं आणि बाकीच्यांना तुकडा मिळतो. दुसऱ्या जातीवर `Go+` किंवा `Preview` अशी खूण असते, पण ती इतकी बारीक असते की मोबाइलवर यादी सरकवताना नजरेतून सुटते. त्यापेक्षा खात्रीची खूण म्हणजे प्लेअरच्या पट्टीवरची लांबी. सहा मिनिटांचं म्हणून ओळखीचं असलेलं गाणं तिथे ०:३० दाखवत असेल तर पुढे तपासायची गरज नाही.

तरीही तपासायचंच असेल तर लॅपटॉपवर क्रोममध्ये गाण्याचं पान उघडा, Ctrl+U दाबून पानाचा मूळ मजकूर उघडा आणि Ctrl+F ने `full_duration` शोधा. `on.soundcloud.com` ने सुरू होणारी छोटी लिंक आली असेल तर ती आधी ब्राउझरमध्ये उघडा आणि वरच्या पट्टीत आलेला लांब पत्ता घ्या. अँड्रॉइडवर त्या लांब पत्त्याच्या आधी `view-source:` टाइप केलं तरी मूळ मजकूर उघडतो, फक्त डोळे फोडावे लागतात. समजा, गाणं ६ मिनिटं १२ सेकंदांचं आहे आणि तुकडाच वाजतो आहे. मग तिथे साधारण असं दिसतं:

```
"duration": 30000,
"full_duration": 372000,
"policy": "SNIP",
"monetization_model": "SUB_HIGH_TIER"
```

आकडे मिलिसेकंदांत आहेत. `full_duration` म्हणजे गाण्याची खरी लांबी, ३७२ सेकंद. `duration` म्हणजे तुम्हाला मिळणार ती, ३० सेकंद. दोन्ही आकडे सारखे असतील तर गाणं पूर्ण आहे आणि थांबण्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. `SNIP` म्हणजे कातरलेलं. शेवटच्या ओळीचा अर्थ, पूर्ण गाणं वरच्या वर्गणीत आहे. `policy` समोर `ALLOW` किंवा `MONETIZE` असेल तर गाणं सर्वांसाठी खुलं असतं, दुसऱ्यात फक्त जाहिरातीचा किंवा ऐकण्याचा पैसा हक्कदाराला जातो. `BLOCK` असेल तर तुकडाही नाही.

इथे एक मेख आहे. पानाचा मूळ मजकूर सर्व्हरवर तयार होतो, त्यामुळे तुम्ही लॉगिन केलेलं आहे हे त्यात उतरेलच असं नाही. वर्गणीदाराने तपासायचं असेल तर F12 दाबून नेटवर्कचा टॅब उघडावा, गाणं सुरू करावं आणि यादीच्या फिल्टरमध्ये `preview` हा शब्द टाकून पाहावा. ध्वनिफाइलच्या पत्त्यात तो शब्द आला तर तुकडाच येतो आहे. वर्गणी चालू असूनही तो येत असेल, तर बहुधा ब्राउझरमध्ये दुसऱ्याच खात्याने लॉगिन झालेलं असतं. एक खातं गूगलने आणि एक ईमेलने उघडलेलं असेल तर हा घोळ हमखास होतो.

आता मराठी ऐकणाऱ्याला जास्त खुपणारी गोष्ट. साउंडक्लाउडचा तुकडा सहसा गाण्याच्या सुरुवातीपासून कापलेला असतो. पत्त्यात `preview/0/30` असे आकडे दिसतात, म्हणजे शून्यापासून तीसपर्यंत. तीन मिनिटांच्या पॉप गाण्याला हे चालून जातं, तीस सेकंदांत ठेका आणि पहिली ओळ येते. पण तानपुरा, मग संथ आलाप, मग मुखडा अशी बांधणी असेल तर तुकडा संपेपर्यंत गायकाने तोंडही उघडलेलं नसतं. भजनी मंडळाच्या ध्वनिमुद्रणात तर पहिली तीस सेकंदं निवेदनातच जातात. ऐकणाऱ्याला वाटतं फाइल बिघडली आहे. फाइल ठीक असते, कात्री चुकीच्या जागी लागलेली असते.

ज्यांचं स्वतःचं गाणं आहे त्यांच्यासाठी यातला महत्त्वाचा भाग पुढे आहे. कलाकार आपल्या खात्यावर गाणं चढवतो, तिथे ते पूर्ण वाजतं. मग तो डिस्ट्रिब्युटरकडून सगळ्या सेवांवर गाणं पाठवतो आणि फॉर्ममधल्या दुकानांच्या यादीत साउंडक्लाउडवरही टिक राहून जाते. आता शोधात एकाच गाण्याच्या दोन प्रती येतात, कलाकाराने चढवलेली खुली प्रत आणि डिस्ट्रिब्युटरकडून आलेली, जी वर्गणीखाली गेलेली असू शकते. चाहता शोधतो, दुसऱ्या प्रतीवर अधिकृत वाटणारं मुखपृष्ठ दिसतं, तीच ग्रुपवर पाठवतो, आणि ‘तुझं गाणं अर्धंच आहे’ असे निरोप कलाकाराला येतात. कलाकार आपली लिंक उघडतो तर सगळं ठणठणीत. दोघंही खरं बोलत असतात. अशा वेळी आधी दोन्ही लिंकमधलं खात्याचं नाव ताडून पाहावं, गाण्याच्या नावावर जाऊ नये. नावं वेगळी निघाली तर डिस्ट्रिब्युटरच्या पॅनेलमध्ये जाऊन साउंडक्लाउडची डिलिव्हरी काढून घेणं किंवा कमाईची निवड बदलणं हाच इलाज आहे. साउंडक्लाउडच्या आपल्या खात्यातून त्या दुसऱ्या प्रतीला हात लावता येत नाही, कारण ती तुमच्या खात्यात नसतेच.

स्पॉटिफायचं गणित वेगळं आहे. तिथे फुकट खातं असलेल्यालाही पूर्ण गाणं ऐकायला मिळतं, मध्ये जाहिराती येतात इतकंच. म्हणून तुकडा वाजला तर प्रश्न वर्गणीचा नसून ओळखीचा असतो. एखाद्या वेबपानात बसवलेला छोटा प्लेअर, ज्याला एम्बेड म्हणतात, लॉगिन न केलेल्याला साधारण तीस सेकंदांपर्यंतचा तुकडा देतो आणि वर `Preview` लिहितो. लॉगिन असलेल्याला तोच प्लेअर पूर्ण गाणं देतो.

मग ‘मी तर लॉगिन केलेलं आहे’ अशी तक्रार का येते? कारण एम्बेड दुसऱ्याच्या पानात राहतो. त्याला तुमची ओळख पटवायला स्पॉटिफायची कुकी, म्हणजे ब्राउझरने जपलेली लॉगिनची छोटी नोंद, लागते, आणि परक्या पानात बसलेल्या साइटची कुकी म्हणजे थर्ड पार्टी कुकी. सफारीने मार्च २०२० मध्ये अशा कुकी सरसकट अडवायला सुरुवात केली. क्रोमच्या इन्कॉग्निटो खिडकीतही त्या अडवलेल्याच असतात. म्हणजे शेजारच्या टॅबमध्ये तुम्ही लॉगिन असाल, तरी त्या छोट्या प्लेअरच्या दृष्टीने तुम्ही रस्त्यावरचे वाटसरू. उपाय सोपा आहे: प्लेअरमधल्या गाण्याच्या नावावर किंवा लोगोवर क्लिक करा. `open.spotify.com` स्वतःच्या टॅबमध्ये उघडतं, तिथे कुकी परकी राहत नाही आणि गाणं पूर्ण वाजतं. एका गाण्यासाठी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या कुकी मोकळ्या करू नयेत, ते घराला कुलूपच न लावण्यासारखं आहे.

मोबाइलवर याचीच दुसरी आवृत्ती भेटते. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकमध्ये लिंक दाबली की ती बऱ्याचदा त्या ॲपच्याच पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते. त्याचा कुकीचा डबा क्रोम-सफारीपेक्षा वेगळा असतो, म्हणून तिथे कुणीच लॉगिन नसतं. वरच्या तीन टिंबांमधून लिंक बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडली की काम होतं. व्हॉट्सॲपवर येणारा चित्र-नावाचा चौकोन तर फक्त शोभेचा असतो, त्यात आवाज नसतोच. ती लिंक थेट स्पॉटिफायच्या ॲपमध्ये गेली की सहसा पूर्ण वाजते, ब्राउझरमध्ये गेली की अडते. पुण्यातल्या भावाला पूर्ण आणि अमेरिकेतल्या बहिणीला तुकडा ऐकू आला तर लगेच ‘त्यांच्याकडे बंदी आहे’ असा निष्कर्ष काढू नये. तिच्याकडे ॲपल म्युझिक असतं आणि स्पॉटिफायचं खातंच नसतं, इतकं साधं कारण असू शकतं. उलट दिशेने ॲपल म्युझिकची लिंक आली की तोच अनुभव पुण्यातल्या भावाला येतो.

तीस हा आकडा कुठून आला, यावर बऱ्याच अफवा आहेत. त्यातली सर्वांत चिवट म्हणजे ‘कायद्याने तीस सेकंद फुकट वापरता येतात’ ही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांची अशी कुठलीही सूट नाही. तुकडा वाजतो तो सेवा आणि हक्कदार यांच्यातल्या कराराने, आणि करार बदलला की आकडाही बदलतो. आयट्यून्सने २०१० च्या अखेरीस अडीच मिनिटांहून मोठ्या गाण्यांचा नमुना नव्वद सेकंदांवर नेला होता, तो याच वाटेने. तेव्हा आपल्या रीलसाठी तीस सेकंद उचलणाऱ्यांनी या तुकड्यांचा आधार घेऊ नये.

ज्यांनी आपल्या वेबसाइटवर किंवा ॲपमध्ये शोधाच्या निकालाशेजारी तुकडा वाजवण्याची सोय केली होती, त्यांच्यापैकी अनेकांकडे तर तुकडाही गायब झालेला आढळेल. स्पॉटिफायने २७ नोव्हेंबर २०२४ ला नव्या ॲपसाठी आणि अजून डेव्हलपमेंट मोडमध्येच असलेल्या जुन्या ॲपसाठी API मधून तुकड्याचा पत्ता देणं बंद केलं, त्यामुळे `preview_url` समोर `null` येतं. कोड तपासत बसण्यात अर्थ नाही. त्याऐवजी एम्बेड वापरता येतो, किंवा आयट्यून्सचा शोध:

```
https://itunes.apple.com/search?term=abhang&entity=song&country=in
```

याच्या उत्तरात `previewUrl` मिळतो. `country=in` लिहायला विसरू नका. तो नसेल तर अमेरिकेचं दुकान धरलं जातं आणि मराठी गाण्यांची यादी वेगळी येऊ शकते. या तुकड्यांचा आणखी एक फायदा म्हणजे ते शून्यापासूनच सुरू होतील असं नाही. काही डिस्ट्रिब्युटरांच्या फॉर्ममध्ये तुकडा कोणत्या सेकंदापासून सुरू व्हावा याची चौकट असते. ती रिकामी सोडली तर जागा यंत्र ठरवतं. आलाप सव्वा मिनिटाचा असेल तर तिथे ७५ लिहिल्याने मुखडा तुकड्यात येतो.