फोटो उभा ताणून साधं तिकीट दुर्मीळ म्हणून विकलं, अमेरिकेचं १ सेंट हिरवं वॉशिंग्टन घेणाऱ्यांनी वाचा

जुनी अमेरिकन तिकिटं ऑनलाइन फोटो बघून घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय, कारण ज्या पद्धतीने मला फसवलं ती पद्धत अगदी शांत आहे. तिकीट खरं असतं, छपाई खरी असते, परफोरेशनही खरं असतं, फक्त फोटो किंचित खोटा असतो, आणि तेवढ्यावर एक ढिगाने मिळणारं तिकीट थेट दुर्मीळ होऊन बसतं.

तिकीट कुठलं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. वॉशिंग्टनचं डोकं असलेलं हिरवं १ सेंटचं तिकीट, हे डिझाइन १९१२ पासूनचं. अमेरिकेत तेव्हा तिकिटं सरकारी ब्युरो ऑफ एनग्रेव्हिंग अँड प्रिंटिंगमध्ये छापायचे आणि या एकाच डिझाइनची तिकिटं पुढची दहा वर्षं वेगवेगळ्या मशीनवर, वेगवेगळ्या परफोरेशनने निघत राहिली. परफ म्हणजे २ सेंटिमीटरमध्ये किती भोकं बसतात तो आकडा, आधी १२ होता, १९१४ पासून १०, मग १९१७ पासून ११. कारण साधं होतं, १२ ला शीट हाताळतानाच फाटायची, १० ला तिकीट वेगळं करायला जोर लागायचा, म्हणून मधला ११ घेतला. म्हणजे फोटोत चारही बाजूंना ११ दिसलं तर तिकीट १९१७ च्या आधीचं नाही एवढं समजतं. वर्ष अजून ठरत नाही.

कारण ११ परफची, वॉटरमार्क नसलेली ही हिरवी तिकिटं मुख्यतः तीन प्रकारे छापलेली सापडतात. १९१७ ची सपाट प्लेटवर, कोरीव छपाईची, ही सर्वात कॉमन. पहिल्या महायुद्धात चांगली शाई मिळेना आणि प्लेटा लवकर झिजायला लागल्या तेव्हा १९१८ मध्ये ऑफसेटवर काढलेली, यांच्या रेघा जरा मऊ आणि पसरट दिसतात, बोट फिरवलं तर शाईचा उंचवटा लागत नाही. आणि तिसरी रोटरी प्रेसची. रोटरीत तीच कोरीव प्लेट वाकवून सिलिंडरवर बसवतात, आणि वाकवताना प्लेटचा बाहेरचा पृष्ठभाग वाकवलेल्या दिशेने ताणला जातो, म्हणून छापलेलं डिझाइन त्या दिशेला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास वाढतं. सपाट प्लेटचं डिझाइन साधारण १८.५ ते १९ मिमी रुंद आणि २२ मिमी उंच असतं, रोटरीचं उभं ताणलेलं साधारण १९ बाय २२.५ असतं, आणि आडवं ताणलेलं १९.५ ते २० रुंद आणि उंचीला २२ च असतं.

आता गंमत बघा, रोटरीची उंच डिझाइनची शीट नेहमी १० बाय ११ किंवा सगळीकडे १० परफने निघायची. पण १९२२ मध्ये रोटरीवर छापलेली काही उरलेली, वाया जाणारी शीट सपाट प्लेटच्या तिकिटांसाठी असलेल्या ११ परफच्या मशीनवर टाकली गेली. त्यातून जे आलं, म्हणजे उंच डिझाइन आणि चारही बाजूंना ११, ते स्कॉट कॅटलॉगमध्ये ५४४ नंबरचं तिकीट, आणि ते फार दुर्मीळ आहे. त्याचा कॉमन भाऊ म्हणजे ४९८, सपाट प्लेट, ११ परफ, १९१७. दोघांत रंग तोच, डिझाइन तेच, परफ तोच, फरक काय तर उंचीत अर्धा मिमी. आणि अर्धा मिमी म्हणजे २२ वर जेमतेम सव्वादोन टक्के. इथेच सगळी फसवणूक बसते.

सेलरच्या लिस्टिंगमध्ये ५४४ लिहिलेलं, सोबत दोन फोटो होते. एकात काळ्या पार्श्वभूमीवर पूर्ण तिकीट समोरून, दुसऱ्यात तिकिटाच्या वरच्या कडेवर परफोरेशन गेज ठेवलेलं आणि ११ ची रेघ भोकांशी तंतोतंत जुळलेली. मजकुरात डिझाइनची उंची २२.५ मिमी दिली होती. फोटोतल्या तिकिटाची उंची रुंदीच्या प्रमाणात मोजली तर खरंच तशीच यायची, म्हणजे दावा आणि फोटो एकमेकांशी जुळत होते. मागच्या बाजूचा फोटो मागितला तर 'गोंद नाही, वापरलेलं तिकीट आहे, मागे बघण्यासारखं काही नाही' असं उत्तर आलं. गोंदाचा इथे काही संबंधच नव्हता हे पुढे येईलच.

तिकीट हातात आल्यावर मी माझ्याकडचं एक साधं ४९८ घेतलं, असं की जे वापरून फुकट गेलं तरी चालेल, आणि त्याच्या डिझाइनच्या खालच्या आणि उजव्या रेघेलगत सरळ कापलं. हा तुकडा दुसऱ्या तिकिटावर ठेवून वरची फ्रेम वरच्या फ्रेमला जुळवायची, रोटरीचं असेल तर तुकड्याच्या खालून डिझाइनची पट्टी बाहेर डोकावते. मोजपट्टीपेक्षा हा उपाय बरा कारण अर्धा मिमी डोळ्याने वाचताना हमखास इकडेतिकडे होतं. माझ्याकडे आलेल्या तिकिटाची काहीच पट्टी बाहेर आली नाही. उलटून पाहिलं तर मागे हिरव्या शाईचे बारीक ठिपके. सपाट प्रेसवर एकेक शीट छापून ओली असतानाच एकावर एक ठेवायचे, त्यामुळे खालच्या शीटची शाई वरच्या शीटच्या पाठीला लागते. रोटरीवर कागद सलग रोलचा असतो, तिथे पाठ स्वच्छ येते. म्हणून मागचा फोटो टाळला होता.

सेलरला कळवलं तर म्हणाला फोटोत जे आहे तेच तिकीट पाठवलंय, आणि मी बदलून दुसरं दाखवतोय असा उलटा आरोप. शिक्क्याच्या रेघा आणि दाते जुळत होते, म्हणजे तिकीट तेच होतं हे खरंच. मग फोटोत उंच कसं काय दिसलं? याचं उत्तर आमच्या ओळखीच्या एका जुन्या संग्राहक काकांनी दिलं आणि ते फार उपयोगी आहे म्हणून पूर्ण सांगतो.

काका म्हणाले, अरे फोटोतच मोजपट्टी आहे की, भोकं मोज. ११ परफ चारही बाजूंना आहे ना, मग दोन भोकांमधलं अंतर वरच्या कडेला आणि उभ्या कडेला सारखंच असायला पाहिजे, सुमारे १.८२ मिमी. फोटो ओढून उभा ताणला तर डिझाइनबरोबर ही अंतरंही ताणली जातात, आणि ती लपवता येत नाहीत.

मग सेलरचा पहिला फोटो मूळ साइजमध्ये उघडून मोजलं. वरच्या कडेला एका भोकाच्या मध्यापासून दहा अंतरं पुढच्या भोकाच्या मध्यापर्यंत ८०० पिक्सेल आले. उजव्या कडेला तशीच दहा अंतरं ८१९ पिक्सेल. दोन्ही खरं तर १८.१८ मिमी असायला हवीत, म्हणजे आडवं १ मिमी बरोबर ४४ पिक्सेल, उभं १ मिमी बरोबर साधारण ४५. डिझाइनची उंची ९९० पिक्सेल होती. ४४ ने भागलं तर २२.५, सेलरने लिहिलेला आकडा. उभ्या दिशेच्या खऱ्या मापाने, ४५.०५ ने भागलं तर २१.९८, म्हणजे सरळसरळ २२, सपाट प्लेट, ४९८. आणि गेजचा फोटो फक्त वरच्या कडेचा का होता तेही कळलं, उभं ताणल्यावर आडवं परफ जसंच्या तसं राहतं. गेज उजव्या कडेवर उभं ठेवून दाखवलं असतं तर ते ताणलेल्या फोटोत त्याच्यासकट ताणलं गेलं असतं आणि जुळलंच असतं, हे मान्य, पण मग गेजवर छापलेल्या सेंटिमीटरच्या दोन दिशांच्या रेघा एकमेकांशी जुळल्या नसत्या, ते त्यांना नको असावं.

एक गोष्ट मात्र सांभाळा, सगळा फरक फसवणुकीचाच असतो असं नाही. मोबाईल तिरका धरला तरी एक बाजू आखडते. पण तेव्हा तिकीट बहुधा समलंब दिसतं, वरची रुंदी आणि खालची रुंदी वेगळी येते, एडिटरमध्ये ताणलेल्या फोटोत कोपरे काटकोनातच राहतात. सेलरच्या फोटोत वर आणि खाली रुंदी एकसारखी होती, कोपरेही सरळ. शिवाय सपाट प्लेटची छपाई ओलसर कागदावर व्हायची आणि वाळताना कागद थोडा कमीजास्त आक्रसायचा, म्हणून २२ चं २२.१ किंवा २२.२ झालेलं खरं ४९८ मिळतं. भोकं मोजून उंची २२.२ च्या आसपास आली तर फोटोवरून निर्णय देऊ नका, तिथे तिकीट हातात घेऊनच ठरेल.

आणि भोकांचं गणित बरोबर आलं, उंचीही खरोखर २२.५ आली, तरी एक शक्यता उरते. रोटरीचं १० बाय ११ परफचं १९२० चं तिकीट, ५४२ नंबरचं, उंचीला रोटरीचंच असतं, बाजूंना ११ असतं, फक्त वर आणि खाली १०. त्याची वरची आणि खालची कड कापून नव्याने ११ ची भोकं पाडली की बघणाऱ्याला ५४४. अशा वेळी वरच्या आणि खालच्या दात्यांची टोकं मोठ्या फोटोत बघा, शीटवरून फाडलेल्या दात्याच्या टोकाला कागदाचे तंतू दिसतात, कापून केलेल्या दात्याचं टोक बोथट आणि सरळ असतं, आणि वरचा खालचा समास बाजूंच्या मानाने अरुंद पडतो. वर फोटो ताणून हा प्रकार करता येत नाही कारण १० आणि ११ मध्ये दहा टक्के फरक आहे, तेवढं ताणलं तर वॉशिंग्टनचा चेहराच लांबोडका दिसेल.

तारखेचं पण बघा. शिक्क्यात वर्ष वाचता येत असेल आणि ते १९२२ च्या आधीचं असेल तर ५४४ चा विषयच संपला. माझ्या तिकिटावर फक्त लाटांच्या रेघा होत्या, तारखेचा गोल दुसरीकडे गेलेला, असं तिकीट मुद्दाम निवडलं असावं असं मला वाटतं. गोल शिक्क्याचा मोठा तुकडा फोटोत असेल तर तोही कामाला येतो, ताणलेल्या फोटोत गोल लंबगोल होतो.

पिक्सेलचं हे गणित, कापलेल्या तुकड्यासोबतचे फोटो आणि मागचे ठिपके असं सगळं ज्या साइटवरून घेतलं तिथे पाठवलं, आणि त्यावर पैसे परत मिळाले. सेलरचं खातं अजून चालू आहे.

कोणी ५४४ देतोय असं म्हणाला तर आधी फिलाटेलिक फाउंडेशन किंवा अमेरिकन फिलाटेलिक सोसायटीचं प्रमाणपत्र आहे का विचारा, आणि प्रमाणपत्रावरच्या तिकिटाच्या फोटोतले दाते आणि शिक्का विकायच्या तिकिटाशी ताडून बघा. प्रमाणपत्र नसेल तर तिकीट सपाट स्कॅनरवर, शेजारी एक पट्टी उभी आणि एक आडवी ठेवून, पुढून आणि मागून, एडिट न केलेली मूळ फाइल मागा. ती मिळाली की दोन्ही पट्ट्यांचे १० मिमी किती पिक्सेल आहेत ते आधी मोजा, मग भोकं, आणि डिझाइनची उंची सगळ्यात शेवटी.