झणझणती तार: तानपुरा की सतार?

सीताबर्डीच्या वाद्यांच्या दुकानात गिऱ्हाईक सांगतं, “तार छेडली की मागे झण्ण असं घुमत राहतं, ते वाद्य द्या.” एवढ्यावरून नाव सांगू नये. जवारी, म्हणजे घोडीच्या पसरट माथ्याला तार घासून उठणारा झंकार, तानपुरा आणि सतार दोन्हींना असते, म्हणून झंकारावर निवाडा होतच नाही. आधी विचारा, सूर हलतो का?

प-सा-सा-सा असे तेच चार स्वर, बोटाच्या मऊ स्पर्शाने, फिरून फिरून येत असतील तर तानपुरा. त्याच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली दोरा असतो. तो सरकला की झंकार विझतो.

मिजराबीचा, म्हणजे बोटात घातलेल्या तारेच्या नखीचा, टणक ठोका, मग तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत चढलेली मींड असेल तर सतार. फक्त आलापाआधी तरफांवरून, म्हणजे सतारीच्या मुख्य तारांखालच्या घुमणाऱ्या तारांवरून, फिरवलेली छेड ऐकलेला माणूस मात्र हमखास चकतो.