धंद्याचे हॅशटॅग की गिऱ्हाइकाचे हॅशटॅग? सोलापूरच्या एका टॉवेलवाल्याची तुलना

टॉवेलची पोस्ट लिंक्डइनवर किंवा इन्स्टाग्रामवर टाकताना खाली टॅग लावायची वेळ आली की आपल्याकडे दोन पद्धती दिसतात. पहिलीत आपण काय बनवतो ते लिहितात: #TextileIndustry, #TerryTowels, #HomeTextiles, #MadeInIndia. दुसरीत तो माल जो वापरणार आहे त्याच्या कामाचे टॅग येतात: #HotelLinen, #HotelHousekeeping, #HotelLaundry. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या बहुतेक कारखान्यांची पानं पहिल्या पद्धतीची आहेत. आमचंही बराच काळ तसंच होतं. आता आम्ही दुसरीकडे वळलो आहोत, पण पहिली पद्धत टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. कोणाला कोणती लागू पडते, ते खाली सांगतो.

एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण जुने सल्ले अजून फिरत आहेत. हॅशटॅग ‘फॉलो’ करायची सोय इन्स्टाग्रामने डिसेंबर २०२४ मध्ये काढून टाकली आणि लिंक्डइनवरही आता ती राहिलेली नाही. त्यामुळे अमुक टॅगला इतके लाख फॉलोअर आहेत म्हणून तो घ्या, या सल्ल्यात आता दम नाही. टॅगची आज दोनच कामं उरली आहेत. कोणी शोध घेतला तर त्याला पोस्ट सापडणं, आणि ही पोस्ट कशाबद्दल आहे हे यंत्रणेला कळणं. दुसरं काम पोस्टचा मजकूरही करतो, म्हणून टॅग आणि पहिल्या दोन ओळी एकाच माणसाला उद्देशून असायला हव्यात.

आता धंद्याच्या टॅगबद्दल. #TextileIndustry उघडून ‘लेटेस्ट’ लावून पाहा आणि नावाखाली लिहिलेले हुद्दे वाचत जा. सूत एजंट, डाइज-केमिकलचे सेल्समन, एअरजेट मागाचे डीलर, सुट्या भागांचे व्यापारी, टेक्स्टाइल कॉलेजचे विद्यार्थी, आणि आपल्यासारखेच कारखानदार. टॉवेल विकत घेणारा माणूस तिथे क्वचितच सापडतो. हॉटेलच्या परचेस मॅनेजरला वस्त्रोद्योगात काय चाललंय याचं काही पडलेलं नसतं. त्याला साठ खोल्यांचं लिनन वर्षभर कसं टिकेल याची काळजी असते.

माझा निर्णय ज्या एका त्रासामुळे झाला तो हाच. पोस्ट टाकली की दोन-तीन दिवस मेसेज यायचे, आणि जवळजवळ सगळे काहीतरी विकायला आलेले असायचे. कोणाकडे २/२० चं सूत स्वस्त, कोणाकडे सॉफ्टनर, कोणाकडे जुना रॅपिअर माग, कोणी परदेशी खरेदीदारांची यादी विकणारा. मेसेज वाचून उत्तर देण्यात वेळ जायचा, पण खरं नुकसान त्याहून मोठं होतं. ही मंडळी पोस्टवर ‘नाइस क्वालिटी’ लिहितात, लाइक देतात, कारण त्यांना आपल्याशी ओळख करायची असते. सुरुवातीला पोस्टला ज्यांचा प्रतिसाद मिळतो, तशाच लोकांना ती पुढे दाखवली जाते, निदान मला तरी तसंच दिसत आलं आहे. म्हणजे एजंटांनी दाद दिली की पुढची पोस्ट आणखी एजंटांकडे. आकडे छान दिसायचे, चौकशी एकही नाही. आणि आकडे छान असल्यामुळे काही बिघडलंय हे लवकर लक्षातही येत नाही.

तुमच्याकडे असं होतंय का हे ओळखायला लाइक मोजून उपयोग नाही. आलेल्या कमेंट आणि मेसेजमध्ये किती जणांनी प्रश्न विचारला आणि किती जणांनी स्वतःचा नंबर दिला, एवढंच पाहा. विकत घेणारा प्रश्न विचारतो, विकणारा नंबर देतो.

एकच माल दोन्ही पद्धतींनी कसा मांडला, ते सांगतो. पांढरा बाथ टॉवेल, ७० बाय १४० सेंटिमीटर, ५०० जीएसएम. वजन साधारण ४९० ग्रॅम. पहिल्या पद्धतीच्या पोस्टमध्ये आम्ही रिंग स्पन सूत, डोबी बॉर्डर, जीएसएम, महिन्याची क्षमता असं सगळं दिलं होतं आणि खाली धंद्याचे टॅग. माहिती सगळी खरी होती, पण ती वाचून कळणारे फक्त आपल्यासारखेच लोक.

दुसऱ्या पोस्टला मजकूरच वेगळा लिहावा लागला. पहिली ओळ होती ती हॉटेलच्या धुलाईखर्चाबद्दल. तोच टॉवेल ६०० जीएसएमचा घेतला तर वजन ५८८ ग्रॅम होतं, म्हणजे प्रत्येक टॉवेलमागे ९८ ग्रॅम कापूस जास्तीचा धुवावा आणि वाळवावा लागतो, आणि बाहेरची लाँड्री किलोवर पैसे घेत असेल तर तो फरक रोजच्या बिलात येतो. हाताला जाड टॉवेल बरा वाटतो, पण ड्रायरमध्ये तो जास्त वेळ घेतो. दुसरा मुद्दा कडेच्या शिलाईचा होता, कारण हॉटेलात टॉवेल बाद होतो तो बऱ्याचदा मधला भाग विरून नव्हे, तर कड उसवून. खाली तीनच टॅग: #HotelLinen #HotelHousekeeping #HotelLaundry.

या पोस्टला लाइक फार कमी आले. पण कमेंट होती पुण्याच्या एका हॉटेलातल्या एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर बाईंची. त्यांनी धुतल्यावर आकसण्याचं प्रमाण विचारलं. गोव्यातल्या एका लाँड्रीवाल्याने रंगीत पूल टॉवेल क्लोरीन ब्लीचमध्ये टिकतात का असं विचारलं. त्याला आम्ही सांगितलं की रिॲक्टिव्ह रंगाचे टिकणार नाहीत, व्हॅट रंगाचे घ्या, महाग पडतील. असे प्रश्न धंद्याच्या टॅगखाली मला कधी आले नव्हते. हॉटेलात माल पसंत करते हाउसकीपिंग आणि ऑर्डर काढतं परचेस, त्यामुळे हाउसकीपरचा प्रश्न आला की निम्मं दार उघडलं असं मी समजतो.

गिऱ्हाइकाच्या टॅगमध्येही खाचखळगे आहेत. हॉटेलवाले चादर-टॉवेलला मिळून ‘लिनन’ म्हणतात, म्हणून सरळ #Linen लावावंसं वाटतं. तो टॅग उघडलात तर लिनन कापडाचे शर्ट आणि साड्या दिसतील, तुमचा टॉवेल त्यात हरवून जाईल. #HotelLinen किंवा #BathLinen घेतलं की हा गोंधळ मिटतो. दोन शब्दांमध्ये आडवी रेघ देऊ नका. #Terry-Towel लिहिलं तर टॅग रेघेपाशी तुटतो आणि उरतो फक्त #Terry, ज्याखाली टेरी नावाच्या माणसांचे वाढदिवस सापडतात. #Housekeeping हाही एकटा लावू नये. त्यात घरकामाच्या नोकऱ्या आणि सफाई एजन्सीच जास्त असतात.

कोणताही टॅग घेण्याआधी मी तो उघडून सगळ्यात नवीन पोस्ट पाहतो. शेवटची पोस्ट काही महिन्यांपूर्वीची असेल तर टॅग मेलेला आहे. एकामागून एक मालाचे फोटो आणि फोन नंबर दिसत असतील तर तो विकणाऱ्यांचा बाजार आहे, तिथे आणखी एक फोटो टाकून काही होत नाही. पण जिथे लोक कामातल्या अडचणी मांडत असतात, त्यावर त्याच कामातले लोक उत्तरं देत असतात, तो टॅग लहान असला तरी घ्यावा.

तिथे कमेंट करणारी माणसं दिसतात, त्यांनाच फॉलो करावं. टॅग फॉलो करता येत नाही म्हटल्यावर आपल्या फीडला वळण लावायचा उपाय हाच उरला आहे. हॉटेलांच्या खरेदी अधिकाऱ्यांची हॉस्पिटॅलिटी परचेसिंग मॅनेजर्स फोरम ही संघटना आहे, तिच्या पोस्टखालच्या चर्चा वाचल्या तरी खरेदी करणारे लोक कोणत्या शब्दांत बोलतात ते कळतं. मी सूत आणि मशिनरीची बरीचशी पानं फीडमधून काढली. सुताचा भाव मला तसाही एजंटच्या फोनवरूनच कळतो.

आता धंद्याच्या टॅगची बाजू. जॉबवर्क हवं असेल, जुना माग विकायचा असेल, किंवा मर्चंट एक्स्पोर्टरला आपल्या कारखान्याचा पत्ता लागायला हवा असेल, तर #TerryTowels लावलाच पाहिजे. करूर-मुंबईचे निर्यातदार कारखाना शोधताना असेच शब्द टाकतात. थेट परदेशी आयातदारांवर नजर असेल तर मजकुरात ‘एचएस ६३०२६०’ हा आकडा रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत `HS 630260` असा लिहावा, कारण सुती टेरी टॉवेलसाठी जगभर तोच सहा आकडी कोड चालतो. प्रदर्शनांच्या टॅगमध्येही असाच भेद आहे. #Heimtextil जानेवारीत फ्रँकफर्टच्या प्रदर्शनाच्या दिवसांत घरगुती कापड विकत घेणाऱ्यांनी भरलेला असतो, पण #ITMA हे मशिनरीचं प्रदर्शन आहे. तिथे टॉवेल दाखवलात तर पुन्हा माग विकणारेच भेटतील.

#Solapur आणि #SolapuriChaddar यांचा हिशेब वेगळा. पहिल्याखाली गावातल्या बातम्या, गड्ड्याची यात्रा, सत्काराचे फोटो. हॉटेलच्या खरेदीसाठी तो कामाचा नाही, पण शिलाई विभागात माणसं हवी असतील तर आम्ही तोच लावतो आणि फोन येतात. चादरीचं नाव मात्र राज्यभर घराघरात माहीत आहे, भौगोलिक मानांकनही आहे, त्यामुळे किरकोळ विक्री करणाऱ्यांनी #SolapuriChaddar सोडू नये. आम्ही घाऊक माल देतो, तरी दिवाळीच्या तोंडावर तो लावतो.

तुमचा माल एजंटमार्फत जात असेल आणि त्यात समाधान असेल तर पहिली पद्धत बदलायचं मला कारण दिसत नाही. थेट हॉटेल, रुग्णालय, जिम यांना द्यायचा असेल, तर माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, मग आकडे कमी दिसले तरी चालतील. दोन्हींची खिचडी एकाच पोस्टमध्ये करू नका. #HotelLinen बरोबर #TextileIndustry लावला की एजंट आधी पोचतात आणि हाउसकीपर बाईंचा प्रश्न त्या गर्दीत खाली जातो. दोन्ही गिऱ्हाइकं हवी असतील तर आठवड्यात दोन वेगळ्या पोस्ट टाका, आणि पहिली ओळ प्रत्येकाची वेगळी लिहा.