साडेसत्त्याण्णव टक्के वेळेवर, आणि तरीही हंगाम गेला

जळगावच्या एमआयडीसीत आमचा ठिबक सिंचनाचे सुटे भाग तयार करण्याचा लहानसा कारखाना आहे. ग्रोमेट, टेक-ऑफ, जॉइनर, एंड कॅप, स्क्रीन फिल्टर असा माल आम्ही खानदेशातील कृषी केंद्रांना पुरवतो. या धंद्याचे वर्ष खरे तर दोन-अडीच महिन्यांचेच असते. आखाजी झाली की बागायती कापसाची तयारी सुरू होते, मेच्या अखेरीस लागवड होते, आणि त्या आठ-दहा दिवसांत शेतकऱ्याला ग्रोमेट मिळाला नाही तर तो शेजारच्या दुकानातून दुसऱ्या कंपनीचा घेतो; आपल्यासाठी थांबत नाही.

हंगामातील धावपळ टाळावी म्हणून आम्ही साठवणूक, पॅकिंग आणि पोहोच ही तिन्ही कामे धुळ्याजवळ गोदाम असलेल्या एका लॉजिस्टिक्स कंपनीकडे सोपवली. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात, त्यामुळे शहादा, शिरपूर, चोपडा, सगळीकडे गाड्या तेथून सोडणे सोयीचे होते. करार ऑक्टोबर ते सप्टेंबर असा एक वर्षाचा होता आणि त्याला सेवा-पातळीचे, म्हणजे एसएलएचे, सहा पानी परिशिष्ट जोडलेले होते. ऑर्डर त्यांच्या प्रणालीत नोंदल्यापासून 48 तासांत माल दुकानात पोहोचला पाहिजे. महिन्यातील किमान 97 टक्के ऑर्डर वेळेवर पोहोचल्या पाहिजेत. त्याखाली गेल्यास 2 टक्के आणि 94 टक्क्यांच्या खाली गेल्यास 5 टक्के दंड. हे वाचून मी निश्चिंत झालो. ती निश्चिंती मला किती महाग पडली ते येथे लिहितो आहे, कारण असाच मसुदा आमच्या ओळखीच्या आणखी दोन कारखानदारांपुढे आल्याचे मला नंतर कळले.

मेमध्ये आमच्या 400 ऑर्डर गेल्या. रोज सकाळी दुकानदारांचे फोन येत होते. चोपड्याचे एक जुने दुकानदार, जे मला नेहमी प्रेमाने भाऊ म्हणतात, ते एकदा म्हणाले, "भाऊ, माल धुळ्याहून येतोय की दिल्लीहून? गिऱ्हाईक दारात उभं आहे." तीन ऑर्डर रद्द झाल्या, मग दहा झाल्या, आणि महिनाअखेरीस सुमारे 11 लाख रुपयांचा माल एकतर रद्द झाला किंवा परत आला. जूनच्या पहिल्या आठवड्यात लॉजिस्टिक्स कंपनीचा मासिक अहवाल आला. त्यात वेळेवर पोहोचलेल्या ऑर्डर 97.5 टक्के होत्या आणि दंडाच्या रकान्यात शून्य होते.

मी ऑर्डरनिहाय कच्ची माहिती मागितली. ती मागण्याचा हक्क करारात होता, आणि त्या संपूर्ण करारातील माझ्या बाजूचे ते बहुधा एकमेव उपयोगी कलम होते. तीन स्मरणपत्रांनंतर एक्सेलची फाइल आली. तिच्या शेवटच्या रकान्याचे शीर्षक "एसएलए लागू" असे होते आणि त्याखाली प्रत्येक ऑर्डरपुढे हो किंवा नाही असे लिहिलेले होते. 242 ओळींपुढे "हो" होते आणि 158 ओळींपुढे "नाही". 242 पैकी 236 वेळेवर पोहोचल्या, म्हणून 97.5 टक्के. हिशेबात चूक नव्हती. चूक होती ती भागाकारात खाली घेतलेल्या आकड्यात.

हा 242 कोठून आला, हे समजायला परिशिष्टाचे चौथे पान पुन्हा वाचावे लागले. तेथे असे कलम होते की ग्राहकाने दिलेल्या मासिक अंदाजाच्या 110 टक्क्यांपर्यंतच्या ऑर्डरनाच सेवा-पातळीची हमी लागू राहील. करार करताना अंदाज मागितला तेव्हा आम्ही वर्षभराच्या ऑर्डरना बाराने भागून दरमहा 220 असा आकडा लिहून दिला होता. 220 चे 110 टक्के म्हणजे 242. अंदाज तीस दिवस आधी कळवून बदलता येत होता, पण तसे करणे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हालाही सुचले नाही. ज्याचा सगळा धंदा दोन-अडीच महिन्यांत होतो त्याने वार्षिक सरासरी लिहून द्यावी, हा मूर्खपणा आमचाच होता, हे मी मान्य करतो. हे कलम मुळात अन्यायाचेही नाही, कारण अचानक दुप्पट काम आले तर गोदामवाल्याने माणसे आणि गाड्या कोठून आणाव्यात, हा प्रश्न रास्त आहे.

फसवणूक पुढच्या पायरीवर होती. अंदाजापेक्षा जास्तीच्या 158 ऑर्डर कोणत्या समजायच्या, हे करारात कोठेही लिहिलेले नव्हते. कोणीही सरळ मनाने विचार केला तर महिन्यातील पहिल्या 242 ऑर्डर हमीत आणि 243 व्या ऑर्डरपासून पुढच्या हमीबाहेर, असेच समजेल. माझा धाकटा भाऊ हिशेब पाहतो. त्याने फाइलला गाळणी लावून फक्त "नाही" लिहिलेल्या ओळी काढल्या. त्या 158 पैकी एकही ऑर्डर वेळेवर पोहोचलेली नव्हती. महिन्यात एकूण 164 ऑर्डर उशिरा पोहोचल्या होत्या. त्यांतील 158 उचलून जास्तीच्या ठरवल्या होत्या आणि लाज राखण्यापुरत्या सहा हिशेबात ठेवल्या होत्या. शिरपूरच्या एका दुकानाची 2 मेची ऑर्डर, जी त्या महिन्यातील एकोणिसावी होती, तीही "जास्तीची" म्हणून दाखवली होती. एकोणिसावी ऑर्डर 242 च्या पलीकडे कशी जाते, या प्रश्नाला मला आजपर्यंत लेखी उत्तर मिळालेले नाही.

आम्ही ऑर्डर नोंदीच्या वेळेप्रमाणे लावून पहिल्या 242 घेतल्या, तेव्हा त्यांतील 171 वेळेवर होत्या, म्हणजे 70.7 टक्के. चारशेच्या चारशे धरल्या तर 59 टक्के. हे सगळे त्यांच्याच नोंदीवरून काढलेले आकडे आहेत. त्या नोंदी तरी खऱ्या आहेत का हे पाहण्यासाठी मी दोन दिवस गाडी घेऊन दुकानादुकानांत फिरलो आणि 31 पीओडींच्या, म्हणजे माल पोहोचल्याच्या पावत्यांच्या, दुकानातील प्रती पाहिल्या. नऊ ठिकाणी तारीख जुळत नव्हती. शहाद्याच्या एका दुकानातील प्रतीवर शिक्क्याच्या खाली निळ्या शाईत "24/5, सायं. 7, दोन खोकी कमी" असे लिहिलेले होते. त्याच पीओडीची जी स्कॅन केलेली प्रत आम्हाला पाठवली होती ती नेमकी शिक्क्याच्या खालच्या कडेपाशी कापलेली होती, आणि प्रणालीत पोहोचल्याची तारीख 21 मे होती. ज्यांचा असा व्यवहार चालू आहे त्यांनी दरमहा किमान दहा-पंधरा दुकानांतील कार्बन प्रतीचा मोबाइलवर फोटो मागवावा. त्याला खर्च काही नाही.

एवढे सगळे हाती आल्यावर मला वाटले की आता दंड तरी पूर्ण मिळेल. दंड 5 टक्के, पण कशाचे 5 टक्के? मी इतके दिवस एकूण बिलाचे समजत होतो. व्याख्येच्या पानावर "सेवाशुल्क" या शब्दाचा अर्थ फक्त हाताळणी शुल्क असा दिलेला होता; गोदामाचे भाडे आणि वाहतूक त्यातून वगळलेली होती. मेमध्ये 6,000 खोक्यांची हाताळणी 14 रुपयांप्रमाणे 84,000 रुपये झाली, म्हणून कमाल दंड 4,200 रुपये. तोही रोख नाही, तर पुढच्या बिलातून क्रेडिट नोटने. उलट आमच्यावर दरमहा किमान 1,500 खोक्यांची हमी होती. ऑगस्टमध्ये 500 च गेली तेव्हा उरलेल्या हजार खोक्यांचे 14,000 रुपये आमच्याकडून विनातक्रार कापले गेले. आमची एका मंद महिन्याची तूट त्यांच्या तीन महिन्यांच्या कमाल दंडापेक्षा मोठी होती.

वकिलांकडे गेलो तेव्हा त्यांनी आधी परिशिष्ट मागितले आणि नंतर माझे म्हणणे ऐकले. भारतीय करार कायदा, 1872 मधील कलम 74 प्रमाणे करारात भरपाईची रक्कम ठरवलेली असेल तर न्यायालय त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई देते. प्रत्यक्ष नुकसान 11 लाखांचे असले तरी ठरवलेली रक्कम ही कमाल मर्यादा ठरते, असे त्यांनी समजावले. शिवाय "दंड हाच एकमेव उपाय राहील" असे वाक्य आमच्या करारात होतेच. दंडाच्या रकमेला जपून पाहणारे आम्ही या वाक्यावरून तीन वेळा नजर फिरवून पुढे गेलो होतो. दंडाची रक्कम लहान ठेवायची असेल तर निदान हे वाक्य तरी काढायला हवे होते, किंवा रद्द झालेल्या ऑर्डरचा वेगळा दर आणि लागोपाठ दोन महिने पातळी घसरल्यास नोटीस न देता बाहेर पडण्याचा हक्क तरी मागायला हवा होता.

रागाच्या भरात मी जूनचे बिल थांबवले. त्यांनी दुसऱ्या दिवशी गोदामातील माल थांबवला. कायद्यातील कलम 171 प्रमाणे सगळ्या थकबाकीपोटी माल अडवून ठेवण्याचा सर्वसाधारण हक्क बँका, अडते, बंदरावरचे धक्केवाले अशा मोजक्यांनाच आपोआप मिळतो, आणि गोदामवाल्याचे नाव त्या यादीत नाही. मात्र करारात स्पष्ट लिहून दिले असेल तर तो हक्क त्यालाही मिळतो. आम्ही तसे लिहून दिलेले होते. बिल भरले, माल सुटला, आणि मेसाठी 4,200 रुपयांची एक क्रेडिट नोट बऱ्याच पत्रव्यवहारानंतर हाती आली.

सप्टेंबरअखेर करार संपला तेव्हा उरलेला माल परत आणण्यासाठी भाऊ आणि दोन हमाल धुळ्याला गेले. नोंदीप्रमाणे 1,900 खोकी असायला हवी होती, मोजून 1,714 भरली. 186 खोकी कमी, म्हणजे साठ्याच्या जवळजवळ दहा टक्के, आणि त्यांत फिल्टरची महाग खोकी बरीच होती. गोदामाच्या व्यवस्थापकाने परिशिष्टाचे शेवटचे पान पुढे केले. तूट अर्ध्या टक्क्यापर्यंत माफ होती, पण ती साठ्याच्या अर्धा टक्का नव्हे, तर वर्षभरातील एकूण उलाढालीच्या. आत आलेली 21,000 आणि बाहेर गेलेली 21,000 अशी तीच खोकी दोनदा मोजून उलाढाल 42,000 धरलेली होती, आणि त्याचा अर्धा टक्का 210 होतो. "साहेब, अजून चोवीस खोक्यांची सूट तुमच्याकडे शिल्लक आहे," असे तो भावाला म्हणाला, आणि गेट पासवर सही करून दिली.