तीन परिच्छेद की एक प्रसंग?

समजा, एका उमेदवाराने वादविवाद, भरपूर वाचन आणि मदतकेंद्रात स्वयंसेवा केली आहे. लॉ स्कूलच्या प्रवेशासाठी पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे स्वतःबद्दलचा निबंध, लिहिताना अशा उमेदवारापुढे दोन मसुदे असतात. पहिल्यात या तिन्हींना एकेक परिच्छेद. पण ही यादी रेझ्युमेत आधीच असते, वाचणाऱ्याच्या हाती नवं काही लागत नाही.

दुसऱ्यात एकच प्रसंग. मदतकेंद्रात भाडेकरूचा अर्ज भरताना उमेदवाराला दिसतं, की नोटिशीवरची तारीख आणि पाकिटावरचा शिक्का जुळत नाहीत. दोन्ही बाजू मांडायची सवय असल्याने तो आधी घरमालक यावर काय म्हणेल, तेच लिहून काढतो. वादविवाद असा न सांगता दिसतो.

मी दुसराच निवडेन. फक्त कायदेशीर सल्ला दिल्याचा आव नको. वकील नसताना तो खटकतो. वाचन एका वाक्यात उरकावं, तेही एखाद्या पुस्तकाने मत बदललं असेल तरच.