डॉल्फिनमध्ये टर्मिनल कुठे उघडावं: F4 की Shift+F4?

केडीईच्या डॉल्फिन या फाइल मॅनेजरमध्ये समोरच्या फोल्डरमध्येच टर्मिनल उघडण्याच्या दोन सोयी आहेत. F4 दाबलं की खिडकीच्या आतच पॅनेल उघडतं. Shift+F4 दाबलं की वेगळी खिडकी येते. दोन्हीकडे टर्मिनल त्याच फोल्डरमध्ये सुरू होतं. पुढे मात्र दोघांचं वागणं अगदी वेगळं आहे.

F4चं पॅनेल तुमच्या मागोमाग येतं. वर दुसरा फोल्डर उघडलात की डॉल्फिन खालच्या शेलला `cd` पाठवतं, आणि खाली तुम्ही `cd` केलंत तर वरचं दृश्यही बदलतं. समजा, ‘वीजबिलं 2024’ या फोल्डरातल्या पीडीएफ जोडायच्या आहेत:

```
pdfunite *.pdf ../varsh.pdf
```

लगेच ‘वीजबिलं 2023’वर क्लिक करायचं, वरचा बाण दाबून तीच आज्ञा परत आणायची, फक्त शेवटचं नाव बदलायचं. नावात रिकामी जागा असो वा देवनागरी अक्षरं, मार्ग अवतरणात घालून पाठवायचं काम डॉल्फिन करतं. अशा फोल्डरामागून फोल्डर करायच्या कामाला माझ्या मते याहून सोयीचं काही नाही.

पण या मागोमाग येण्यातच दोन खाचखळगे आहेत. अर्धवट टाइप केलेली आज्ञा तशीच ठेवून वर फोल्डर बदललात, तर ती ओळ रद्द होते, कारण `cd` पाठवण्याआधी डॉल्फिन शेलला थांबण्याचा संकेत देतं. दुसरा खळगा अधिक धोक्याचा. पॅनेलमध्ये एखादा प्रोग्रॅम चालू असेल, तर डॉल्फिन `cd` पाठवतच नाही. मोठी प्रत करायला `rsync` लावलं, तेवढ्यात वर दुसरीकडे गेलात, की प्रत संपल्यावर वर एक फोल्डर आणि खाली दुसराच अशी स्थिती उरते. तिथे `rm` चालवण्याआधी वरच्या दृश्यावर विसंबू नका. प्रॉम्प्टमधला मार्ग वाचा किंवा `pwd` विचारा.

Shift+F4च्या खिडकीला हा प्रश्नच नाही. ती उघडली त्या फोल्डरातच राहते, डॉल्फिन बंद केलं तरी चालू राहते. पॅनेलमध्ये काही चालू असताना डॉल्फिन बंद करू गेलात तर ते आधी विचारतं, पण होकार दिलात की काम तिथेच तुटतं. शिवाय पॅनेलला केडीईचं कॉन्सोल हेच टर्मिनल लागतं; वेगळ्या खिडकीसाठी सिस्टीम सेटिंग्जमधल्या डिफॉल्ट अ‍ॅप्लिकेशन्समध्ये आवडीचं टर्मिनल निवडता येतं.

sftp वरून उघडलेल्या फोल्डरात मात्र पॅनेलवर भिस्त ठेवू नका. तिथल्या आज्ञा सर्व्हरवर नाही, तुमच्याच संगणकावर चालतात. सर्व्हरवर काम असेल तर सरळ `ssh` करा.

मी बघत-बघत करायच्या छोट्या कामांना F4 वापरते. काही मिनिटांच्या वर चालणारं काहीही असलं, तर Shift+F4.